पाणी ‘सकारात्मक’ आहे म्हणजे काय?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावातले विज्ञान महाविद्यालय. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्राचा प्रकल्प आहे : आपापल्या गावातल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी. अहवाल दोन भाषांत लिहायचा. इंग्रजी प्रत विभागात आणि विद्यापीठाच्या परीक्षकांसाठी, मराठी प्रत ग्रामपंचायतीला आणि ज्यांच्या घरचे पाणी आणले त्यांना. एक विद्यार्थिनी आपल्या वस्तीवरच्या बोअरचे पाणी आणते, आठवडाभर प्रयोगशाळेत खपते आणि अहवालाची मराठी प्रत घेऊन शनिवारी घरी जाते.

घरी वहिनीचे चार महिन्यांचे बाळ आहे. आईचे दूध पुरत नाही म्हणून पावडरचे दूध सुरू आहे आणि ते याच बोअरच्या पाण्यात कालवले जाते. वहिनी कागद हातात घेऊन वाचते. ‘जिवाणू चाचणी : सकारात्मक. नायट्रेट : १२, मर्यादा ४५. क्षारीयता : ३१०.’ वाचून ती म्हणते, “म्हणजे पाणी चांगलंच आहे की गं. सकारात्मक म्हटलंय, आणि ते नायट्रेट तर मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.”

प्रयोग बिनचूक झाला होता. आकडेही बरोबर होते. इंग्रजी प्रत वाचणाऱ्या परीक्षकाने मात्र त्याच आकड्यांवरून उलटा निष्कर्ष काढला असता : हे पाणी बाळाला देऊ नये. एकाच कागदाच्या दोन बाजूंनी दोन वेगळे सल्ले दिले, कारण इंग्रजी संज्ञा मराठीत आणताना शब्द आले, अर्थ मागे राहिला. या अहवालात नेमके कुठे काय निसटले, हे ओळीओळीने पाहण्यासारखे आहे.

पॉझिटिव्ह चांगले की वाईट?

सुरुवात जिवाणूंपासून करू. गावपातळीवर पाण्याची प्राथमिक तपासणी करताना एक साधी बाटली वापरतात. तिच्यात पोषक द्रव्य असते. पाणी बाटलीच्या खुणेपर्यंत भरायचे, झाकण लावायचे आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. मैल्याबरोबर येणारे काही जिवाणू पाण्यात असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि बाटलीतले पाणी काळे पडते. पाणी काळे झाले की प्रयोगशाळेच्या भाषेत चाचणी ‘पॉझिटिव्ह’.

इथे पॉझिटिव्ह या शब्दाचा अर्थ इतकाच, की जे शोधत होतो ते सापडले. ते सापडणे चांगले की वाईट, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. मराठीत ‘सकारात्मक’ हा शब्द मात्र रोजच्या बोलण्यात ‘आशादायक’, ‘चांगल्या बाजूचा’ याच अर्थाने येतो. सकारात्मक विचार, सकारात्मक चर्चा, सकारात्मक प्रतिसाद. त्यामुळे वहिनीने काढलेला अर्थ मराठीच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. चूक अहवालाची होती.

कोविडच्या काळात हा गोंधळ साऱ्यांनी पाहिला. लोकांनी त्यावर आपणहून तोडगा काढला आणि ‘पॉझिटिव्ह’ हाच शब्द मराठीत घेतला. ‘ते पॉझिटिव्ह निघाले’ म्हणजे काय, हे आज घराघरांत कळते. पण पाण्याच्या अहवालात तेवढ्यावर भागत नाही, कारण ‘पाणी पॉझिटिव्ह’ याने अनेकजण थबकतील. अशा ठिकाणी संज्ञेला प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा काय दिसले ते सरळ लिहिणे बरे : ‘बाटलीतील पाणी २४ तासांत काळे झाले. पाण्यात मैल्याचे जिवाणू असण्याची शक्यता आहे.’ शेवटचे ‘शक्यता आहे’ हे शब्द गाळून चालत नाहीत. ही बाटली सूचक आहे. नेमके कोणते आणि किती जिवाणू आहेत हे सांगण्यासाठी पुढची चाचणी लागते.

उलट बाजूलाही असाच सापळा आहे. इंग्रजी अहवालात ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिलेले असते. त्याचे मराठी ‘जिवाणू नाहीत’ असे होत नाही. ‘१०० मिलिलिटर पाण्यात आढळले नाहीत’ असे होते. ‘नाहीत’ म्हटले की ती विहिरीबद्दलची खात्री होते. ‘आढळले नाहीत’ म्हटले की ते त्या दिवशीच्या त्या बाटलीपुरते विधान राहते. पावसाळा सुरू झाल्यावर तीच विहीर वेगळे उत्तर देऊ शकते.

एक क्षार, दोन अर्थ

दुसरी ओळ ‘क्षारीयता : ३१०’. इंग्रजीत हा आकडा ‘अल्कलिनिटी’चा होता. विद्यार्थिनीने तो शब्द मोबाइलवर शोधला, हिंदी प्रतिशब्द मिळाला आणि देवनागरीच असल्यामुळे तो मराठीत तसाच उतरवला. घोटाळा इथेच झाला.

महाराष्ट्रातल्या शाळेत मुले आम्ल, आम्लारी आणि क्षार हे तीन शब्द शिकतात. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार तयार होतो. म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकातला क्षार हा इंग्रजीतला ‘सॉल्ट’. हिंदी पुस्तकांत मात्र ‘सॉल्ट’ला लवण म्हणतात, ‘बेस’ला क्षारक आणि ‘अल्कली’ला क्षार. आयुर्वेदातही क्षार शब्दाचा रोख अल्कलीकडेच आहे : आघाड्याची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जो तीक्ष्ण पदार्थ करतात तो अपामार्ग क्षार. म्हणजे अक्षरे तीच, उच्चार तोच आणि रसायनशास्त्रातला अर्थ वेगळा. दोन भाषांमध्ये दिसायला सारखे असणारे शब्द परक्या शब्दांपेक्षा अधिक फसवे असतात, कारण ते शब्दकोशात पाहावेत असे कुणाला वाटत नाही.

गावात या शब्दाला आणखी एक संदर्भ आहे. ‘बोअरच्या पाण्यात क्षार जास्त आहेत’ असे लोक म्हणतात तेव्हा त्यांना पाण्यात विरघळलेले सगळे घन पदार्थ, म्हणजे टीडीएस, अभिप्रेत असते. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा माणूस पेनसारखा मीटर पाण्यात बुडवून जो आकडा दाखवतो, तो हाच. या पाण्याचा टीडीएस ९२० मिलिग्रॅम प्रतिलिटर होता. आता घरातल्या माणसांपुढे दोन आकडे आले : कॉलेजच्या कागदावर क्षारीयता ३१०, विक्रेत्याच्या मीटरवर क्षार ९२०. स्वाभाविकच त्यांना वाटेल, की दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे. खरे तर दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता. ती मोजताना पाण्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडतात आणि मिथिल ऑरेंज या दर्शकाचा पिवळा रंग बदलून नारिंगी होईपर्यंत किती आम्ल लागले ते पाहतात. मराठीत तिला ‘अल्कता’ म्हणता येते. शब्द फारसा वापरातला नाही, पण तो क्षारांशी गोंधळत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याच्यापुढे एक वाक्य जोडले की काम होते : ‘अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता.’ ही व्याख्या आणखी एका चुकीपासून वाचवते. अल्कता आणि सामू, म्हणजे pH, एक नव्हेत. या पाण्याचा सामू ७.४, म्हणजे जवळजवळ उदासीन होता, तरी अल्कता ३१० होती.

मराठीतून इंग्रजीकडे जातानाही हाच खड्डा लागतो. समजा, ग्रामपंचायतीच्या जुन्या कागदावर ‘क्षार : ९२०’ असे आहे आणि ते प्रकल्पाच्या इंग्रजी प्रतीत घ्यायचे आहे. कुणी त्याचे ‘अल्कलिनिटी ९२०’ केले, तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते पाणी एकदम नापास ठरते, कारण अल्कतेची वरची मर्यादा ६०० आहे. टीडीएसची वरची मर्यादा २००० आहे, त्यामुळे ९२० हा टीडीएस असेल तर दुसरे पाणी नसताना ते चालते. आकडा न बदलता केवळ एका शब्दाने निकाल बदलतो.

जड, कठीण की दुष्फेन?

तिसरी ओळ हार्डनेसची. इथे मराठीत शब्दांची टंचाई नाही, उलट गर्दी आहे. घरात म्हणतात, ‘आमच्याकडचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.’ विज्ञानाच्या पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. आणि शब्दकोश उघडून हार्डचा सरळ प्रतिशब्द घेणारा ‘कठीण पाणी’ लिहितो.

‘जड पाणी’ सगळ्यांना कळते, पण विज्ञानात ते नाव आधीच दुसऱ्याला दिलेले आहे. साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले, अणुभट्टीत वापरले जाणारे जे पाणी, ते जड पाणी. रायगड जिल्ह्यात थळ येथे त्याचा कारखाना आहे. विज्ञान महाविद्यालयाच्या अहवालात ‘बोअरमध्ये जड पाणी आढळले’ असे वाक्य गेले तर परीक्षक हसतील. ‘दुष्फेन’ हा शब्द नेमका आहे. साबणाचा फेस नीट होऊ देत नाही तो दुष्फेन. पण शाळा सुटून वीस वर्षे झालेल्या वाचकाला तो आठवेलच असे नाही. म्हणून अहवालात पहिल्यांदा येईल तेव्हा लिहावे : ‘पाण्याचा दुष्फेनपणा, ज्याला बोलण्यात जडपणा म्हणतात.’ पुढे सर्वत्र दुष्फेनपणा. एकदा जोड करून दिली की वाचक पुढे अडत नाही आणि शास्त्राची हद्दही सांभाळली जाते.

यापेक्षा अवघड गोष्ट एककात दडलेली आहे. विद्यार्थिनीने ५० मिलिलिटर पाणी घेतले, त्यात बफर घालून सामू १० वर नेला, दर्शकाचे थेंब टाकले आणि ब्युरेटमधून ०.०१ मोलार ईडीटीए सोडत गेली. लालसर रंग निळा झाला तेव्हा १७ मिलिलिटर ईडीटीए लागले होते. या तीव्रतेच्या एका मिलिलिटर ईडीटीएला एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट जुळते, म्हणून ५० मिलिलिटरला १७ आणि लिटरला त्याच्या वीसपट, म्हणजे ३४० मिलिग्रॅम. इंग्रजीत तिने बरोबर लिहिले : ३४० मिलिग्रॅम प्रतिलिटर, ‘ॲज’ CaCO3. मराठीत मात्र लिहिले : ‘पाण्यात ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आहे.’

तो छोटासा ‘ॲज’ हरवला आणि विधान खोटे झाले. शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळते. दुष्फेन पाण्यात प्रत्यक्षात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे, सल्फेटे, क्लोराइडे असतात. प्रत्येक ठिकाणचे मिश्रण वेगळे. तुलना करता यावी म्हणून रसायनशास्त्रज्ञ ते सगळे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मांडतात, जसे वेगवेगळ्या देशांच्या नोटा रुपयांत मोजाव्यात. खिशात रुपये असतातच असे नाही; हिशेब रुपयांत असतो. मराठीत यासाठी ‘समतुल्य’ हा शब्द तयार आहे : ‘दुष्फेनपणा ३४० मिलिग्रॅम प्रतिलिटर, CaCO3 समतुल्य.’

हा शब्द गाळला तर गावात त्याचा अर्थ ‘पाण्यात इतकी चुनखडी आहे’ असा होतो, आणि चुनखडी म्हटले की लगेच मुतखडा आठवतो. दुष्फेनपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. त्याचा त्रास मुख्यतः साबण, भांडी, गिझर आणि चवीला होतो. जिथे भीती नको तिथे ती तयार होते, आणि जिथे खरी काळजी हवी, ती ओळ वाचकाच्या नजरेतून सुटते.

‘१२’ की ‘५३’?

ती ओळ नायट्रेटची. वहिनीने वाचले होते : नायट्रेट १२, मर्यादा ४५. मर्यादेच्या चौथ्या हिश्शाइतके.

नायट्रेट मोजून सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत संपूर्ण नायट्रेटचे, म्हणजे NO3 या आयनाचे, वजन सांगतात. दुसऱ्या पद्धतीत त्या नायट्रेटमध्ये असलेल्या फक्त नायट्रोजनचे वजन सांगतात आणि NO3-N असे लिहितात. दोन्ही योग्य आहेत, पण आकडे फार वेगळे येतात. नायट्रोजनच्या अणूचे वजन १४, ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८, एकूण ६२. म्हणजे नायट्रोजनच्या आकड्याला ६२ भागिले १४, अर्थात ४.४३ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो.

विद्यार्थिनीच्या इंग्रजी प्रतीत ‘नायट्रेट नायट्रोजन १२’ असे होते. मराठी तक्त्याचा रकाना अरुंद, त्यात दोनदा ‘नायट्र’ आल्यासारखे वाटले, म्हणून तिने दुसरा शब्द गाळला. भारतीय मानकातली ४५ ही मर्यादा मात्र संपूर्ण नायट्रेटची आहे. बाराला ४.४३ने गुणले की ५३ होतात. म्हणजे पाणी मर्यादेच्या खाली नव्हते, वर होते.

लहान बाळासाठी ही बाब गंभीर आहे. बाटलीने दूध पिणाऱ्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर परिणाम करून त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटवते. अशा बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात. पाण्यात जिवाणूही असतील तर पोटाच्या संसर्गामुळे धोका वाढतो. या बोअरमध्ये दोन्ही गोष्टी होत्या.

मग चूक कशी ओळखायची? मराठी कागदावरून ती ओळखता येत नाही, कारण १२ आणि ५३ दोन्ही आकडे पाण्यात संभवतात. त्यासाठी प्रयोगवहीकडे, म्हणजे प्रमाण द्रावण कसे केले त्या नोंदीकडे जावे लागते. एका लिटरमध्ये ०.७२१८ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवले असेल तर ते द्रावण लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रोजनचे होते. लिटरमध्ये १.६३ ग्रॅम घेतले असेल तर ते १००० मिलिग्रॅम नायट्रेटचे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा आलेख ज्या द्रावणांवरून काढला, त्याच हिशेबात पाण्याचे उत्तर येते. विद्यार्थिनीच्या वहीत ०.७२१८ हा आकडा होता. प्रश्न तिथेच सुटला.

मराठीत या संज्ञेसाठी शेतकऱ्याला ठाऊक असलेला शब्द आहे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेले असते, आणि नत्र म्हणजे नायट्रोजन हे गावात समजावून सांगावे लागत नाही. ‘नायट्रेटमधील नत्र : १२’ असे लिहिता आले असते. तरी घरी द्यायच्या कागदावर याहून चांगला मार्ग म्हणजे आकडाच बदलून घेणे : ‘नायट्रेट : ५३, मर्यादा ४५.’ वाचकाला गुणाकार करायला लावू नये. तो भाषांतर करणाऱ्याने करावा आणि इंग्रजी प्रतीत दोन्ही आकडे द्यावेत.

मर्यादा नेमकी कोणती?

पाण्याच्या अहवालात आकड्याशेजारी मर्यादा असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, अशा दोन मर्यादा आहेत. एक ‘ॲक्सेप्टेबल’ आणि दुसरी ‘पर्मिसिबल’. शब्दकोशात दोन्हींपुढे मान्य, ग्राह्य, अनुज्ञेय असे जवळजवळचे शब्द मिळतात. विद्यार्थी बहुधा एकाला ‘मान्य’ आणि दुसऱ्याला ‘अनुज्ञेय’ लिहून मोकळे होतात. वाचकाला फरक कळत नाही आणि तो साहजिकच मोठा आकडा खरा धरतो.

मानकात दुसऱ्या मर्यादेच्या नावातच एक अट आहे : दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर. ती अट मराठी नावात आलीच पाहिजे. ‘योग्य मर्यादा’ आणि ‘दुसरे पाणी नसल्यास चालेल अशी मर्यादा’. नाव लांब झाले तरी हरकत नाही. दुष्फेनपणासाठी हे आकडे २०० आणि ६०० आहेत. ३४० म्हणजे योग्य नाही, पण दुसरी सोय नसेल तर चालेल.

नायट्रेटपुढे मात्र दुसरा आकडाच नाही. तिथे इंग्रजीत ‘नो रिलॅक्सेशन’ असे लिहिलेले असते. यंत्राने किंवा घाईत केलेल्या भाषांतरात त्याचे ‘विश्रांती नाही’ होऊ शकते. ‘शिथिलता नाही’ हे बरोबर, पण सरकारी. घरच्या कागदावर ‘४५च्या वर चालणार नाही’ एवढे पुरते.

शब्द ठरवायचे कसे?

महाविद्यालयात अशा अहवालाचे काम नीट करायचे तर पहिली पायरी अहवाल लिहिण्याआधीची असते : संज्ञांचा तक्ता. डावीकडे इंग्रजी संज्ञा, मध्ये मराठी, उजवीकडे एका वाक्यात अर्थ. मराठी शब्दासाठी पहिला आधार राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या संचालनालयाने विषयवार कोश काढले आहेत. दुसरा आधार शालेय पाठ्यपुस्तके, कारण वाचकाने त्यातलाच शब्द कधीतरी वाचलेला असतो. हिंदी कोश शेवटी, आणि तोही क्षारची आठवण ठेवून.

काही गोष्टी मुळीच भाषांतरित करायच्या नाहीत. रासायनिक सूत्रे आणि चिन्हे रोमन लिपीत तशीच ठेवायची. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचेही हेच धोरण आहे. नायट्रेट, फ्लोराइड, ईडीटीए, बफर, ब्युरेट हे शब्द देवनागरीत लिहावेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द घडवून कुणाचे भले होत नाही. उलट द्रावण, दर्शक, अवक्षेप, अनुमापन हे शब्द रुळलेले आहेत, ते टाकून द्यायचेही कारण नाही. एक संज्ञा एकदा ठरली की अहवालभर तीच. ललित लेखनात एकच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून समानार्थी शब्द वापरतात. अहवालात तसे केले तर वाचकाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

दुसरी पायरी उलट भाषांतराची. मराठी प्रत अशा विद्यार्थ्याला द्यायची, ज्याने इंग्रजी प्रत पाहिलेली नाही, आणि त्याला ती परत इंग्रजीत करायला सांगायचे. वरच्या अहवालात हे केले असते तर क्षारीयतेचे ‘सॅलिनिटी’ झाले असते, ‘समतुल्य’ नसल्याचे दिसले असते आणि सकारात्मक चाचणीपाशी तो विद्यार्थी स्वतःच अडला असता. पण नायट्रेटची चूक या गाळणीतून सुटली असती. ‘नायट्रेट १२’चे इंग्रजी ‘नायट्रेट १२’ असेच होते. म्हणून आकडा, एकक आणि ‘कशाच्या हिशेबात’ ही तिन्ही प्रयोगवहीशी ताडून पाहण्याची पायरी वेगळी ठेवावी लागते.

शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि बहुधा राहून जाणारी. ज्याच्यासाठी अहवाल आहे, त्याला तो वाचायला द्यायचा आणि ‘कळलं का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारायचे. कळले का म्हटले की लोक भिडेने हो म्हणतात. काय कराल याचे उत्तर मात्र भाषांतर तपासून देते.

हे उत्तर महत्त्वाचे, कारण या पाण्यातल्या दोन दोषांवरचे उपाय वेगळे आहेत. जिवाणूंसाठी पाणी उकळता येते, ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. नायट्रेटवर या दोन्हींचा उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. अहवालाच्या शेवटी दोन्ही दोष मिळून ‘पाणी दूषित आहे, उकळून प्यावे’ असे एकच वाक्य लिहिले असते, तर ते मराठी म्हणून निर्दोष आणि बाळासाठी घातक ठरले असते.

सुधारलेल्या मराठी प्रतीचा शेवट असा करता येतो : ‘दुष्फेनपणा, म्हणजे जडपणा, ३४० मिलिग्रॅम प्रतिलिटर, CaCO3 समतुल्य. दुसरे पाणी नसल्यास चालेल. विरघळलेले एकूण क्षार ९२०, अल्कता ३१०. हेही दुसरे पाणी नसल्यास चालेल. जिवाणू चाचणीत पाणी काळे झाले. मोठ्यांनी उकळून प्यावे आणि टीसीएल टाकल्यावर पुन्हा तपासणी करावी. नायट्रेट ५३, ही मर्यादेपेक्षा जास्त आहे. उकळल्याने कमी होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे दूध या पाण्यात कालवू नये. दुसऱ्या तपासलेल्या स्रोताचे पाणी वापरावे.’

हा कागद वाचून वहिनी काय म्हणेल, याचा अंदाज करता येतो : “मग बाळासाठी पाणी कुठून आणायचं, ते सांग.” प्रश्न सोपा नाही, आणि त्याचे उत्तर शब्दकोशात नाही. पण आता प्रश्न योग्य जागी विचारला गेला आहे.